‘ऑपरेशन झालंय’ एवढ्यावर बाईची तपासणी थांबू नये : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र राज्य
आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा, यांस

सविनय नमस्कार.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. म्हणजे या राज्याचे कुटुंबनियोजन मुख्यतः बायकांच्या गर्भनलिका बांधण्यावर उभे आहे. हे पत्र लिहिणारे आम्ही स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक आहोत. ही ऑपरेशने आम्हीच करतो. त्यानंतर एखादीच्या नळीत गर्भ राहून पोटात रक्त साचले की तिला टेबलावर घेण्याची वेळही आमच्यावरच येते.

आमचा या ऑपरेशनला विरोध नाही. बाईने विचार करून घेतलेला निर्णय, योग्य दिवस आणि नीट केलेले काम एवढे जुळले तर हे खात्रीचे साधन आहे. आमची तक्रार ऑपरेशनच्या आधी आणि नंतर बाईला जे सांगितले जात नाही त्याबद्दल आहे. केंद्र सरकारची २०१४ ची मानके त्याबाबत स्पष्ट आहेत, सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निकालही आहे. तरी ज्या कागदावर सही घेतली जाते तो कागद आणि प्रत्यक्ष बोलणे यांत अजून मोठे अंतर आहे.

पहिली तक्रार विचारण्याच्या वेळेची. बाळंतपणानंतरच्या पहिल्या ७ दिवसांत टाक्याचे ऑपरेशन सोपे जाते. गर्भाशय तेव्हा बेंबीच्या आसपास असते, त्यामुळे बेंबीखाली दोन-तीन सेंटीमीटरचा छेद घेतला की दोन्ही नळ्या हाताशी येतात. बाई आधीच दवाखान्यात असते, तिला पुन्हा येण्याचा खर्च पडत नाही. या सोयीमुळेच घोटाळा होतो. ‘आता आलीच आहेस तर करून टाक’ हे वाक्य कळा सुरू असताना, टाके घालताना किंवा सिझेरियनला नेताना बोलले जाते आणि सही तिथेच होते. मानके सांगतात की संमती दबावाखाली किंवा गुंगीच्या औषधाखाली घेऊ नये. आमच्या मते कळा हीसुद्धा निर्णय घेण्याची अवस्था नव्हे, आणि हे विभागाने लेखी सांगायला हवे.

बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात जानेवारी २०१२ मध्ये एका शाळेत दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशने उरकली गेली. त्यावरून देविका बिस्वास यांनी दाखल केलेल्या याचिकेचा निकाल १४ सप्टेंबर २०१६ रोजी लागला. संमतीचा मजकूर बाईला तिच्या भाषेत समजावून सांगावा, समजावून सांगणाऱ्या प्रशिक्षित समुपदेशकाची सही असावी आणि तिला फेरविचारासाठी साधारण तासभर वेळ द्यावा, असे न्यायालयाने म्हटले. ठरवून ऑपरेशनला आलेल्या बाईला हा तास पुरेल. पहाटे बाळंत होऊन दुपारी यादीत नाव लागलेल्या बाईला तो पुरत नाही. तिच्याशी बोलणे सातव्या-आठव्या महिन्यात व्हायला हवे. त्यासाठी नवी योजना लागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायका डॉक्टरांसमोर येतातच. त्या दिवशी बोलणे करावे, तिने काय ठरवले ते माता-बाल संरक्षण कार्डावर लिहावे, आणि बाळंतपणानंतर ‘अजून तसेच ठरले आहे ना?’ एवढे पुन्हा विचारावे. कार्डावर लिहिण्याचा आग्रह माहेरपणामुळे आहे. सातव्या महिन्यात जिच्याशी बोलणे झाले ती आशाताई सासरच्या गावची असते आणि बाळंतपण दुसऱ्याच तालुक्यात होते. बाईबरोबर प्रवास फक्त कार्ड करते.

त्या बोलण्यात काय असावे, यावर थोडे सविस्तर लिहितो. हे ऑपरेशन कायमचे आहे, नळी पुन्हा जोडण्याची खात्री कोणी देऊ शकत नाही, हे आधी सांगावे. मग पर्याय सांगावेत. वार पडल्यावर १० मिनिटांत किंवा पहिल्या ४८ तासांत तांबी बसवता येते. ३८० ए प्रकारची तांबी १० वर्षे चालते आणि मन बदलले तर काढता येते. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी आहे. त्यात कोणाचेच पोट उघडावे लागत नाही, मात्र तीन महिन्यांनी वीर्यतपासणी करून शुक्रजंतू नाहीत याची खात्री होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. हे सगळे ऐकूनही बाईने ऑपरेशनच निवडले तर तो तिचा निर्णय, आणि तो आदराने पाळावा. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही, मानकांत तसे स्वच्छ लिहिले आहे. तरी ‘मालकांना घेऊन ये’ म्हणून तिला परत पाठवले जाते. आणि जिने नको म्हटले तिच्यामागे उद्दिष्टासाठी चकरा मारल्या जातात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत.

वयाचा विचार तर होतच नाही. मानकांनुसार बाई २२ वर्षांच्या पुढची आणि ४९ च्या आतली असावी, आणि जोडप्याला निदान एक वर्षावरचे एक मूल असावे. पण २२ ही खालची मर्यादा आहे, ते योग्य वय आहे असा तिचा अर्थ नाही. अमेरिकेत हजारो बायकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा ‘क्रेस्ट’ नावाचा अभ्यास झाला. त्यात ३० किंवा त्याहून कमी वयात ऑपरेशन केलेल्यांपैकी सुमारे २० टक्के बायकांनी पुढच्या १४ वर्षांत कधी ना कधी पश्चात्ताप झाल्याचे सांगितले. तिशीनंतर ऑपरेशन केलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ६ टक्के होते. आपल्याकडे बहुतेक ऑपरेशने तिशीच्या आतच होतात. म्हणून तरुण बाईला तांबीचा पर्याय अधिक सावकाश समजावून सांगावा लागतो. आणि बाळ कमी दिवसांचे, कमी वजनाचे किंवा काचेच्या पेटीत असेल तर ऑपरेशन पुढे ढकलावे. ते बाळ वाचेल की नाही हे ठरण्याआधी आईच्या नळ्या बांधण्याची घाई करू नये.

दुसरी तक्रार तारखांची. पहिले ७ दिवस गेले की थांबायचे असते आणि पुढचा योग्य काळ ६ आठवड्यांनंतर, म्हणजे ४२ दिवसांनी येतो. मधल्या काळात गर्भाशय आकसत खाली ओटीपोटात उतरत असते, नळ्या सुजलेल्या आणि नाजूक असतात, त्यांना ओढ लागली तर फाटतात, रक्त जाते, जंतुसंसर्गाची भीतीही अधिक. आपल्याकडे सव्वा महिन्याची रीत आहे. सव्वा महिना होताच बाई सासरी परतते आणि येता येता दवाखान्यात पोचते. तेव्हा दिवस मोजायला हवेत. ३८ व्या दिवशी आलेल्या बाईला चार दिवस थांबायला सांगणे म्हणजे केस घालवणे नव्हे. आणि दुर्बिणीचे ऑपरेशन तर ६ आठवड्यांच्या आत करूच नये. त्यात नळीवर रिंग चढवून ती बंद करतात. नळी जाड आणि सुजलेली असली की रिंग तिच्यावर नीट बसत नाही, अर्धवट बसते किंवा नळीच चिरते. अशी रिंग पुढे निसटते.

बाळंतपणाशी संबंध नसलेल्या काळातल्या ऑपरेशनसाठी नियम असा, की पाळी सुरू झाल्यापासून ७ दिवसांच्या आत ते करावे. यामागचे कारण फार कमी जणींना सांगितले जाते. समजा बाईची पाळी २८ दिवसांची आहे आणि ती २० व्या दिवशी ऑपरेशनला आली. चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटून त्याचे फलन झाले असेल तर २० व्या दिवशी तो गर्भ नुकताच गर्भाशयात उतरून रुजू लागलेला असतो. लघवीची तपासणी त्या दिवशी नकारार्थीच येते, कारण ती होकारार्थी व्हायला पाळी चुकण्याचा दिवस उजाडावा लागतो. आपण नळ्या बांधतो, बाई निर्धास्त घरी जाते आणि महिनाभराने कळते की दिवस गेले आहेत. नळी बांधण्यात काहीच चुकलेले नसते, दिवस चुकलेला असतो. त्यामुळे ऑपरेशनच्या कागदावर शेवटच्या पाळीची तारीख हवीच. ती जागा कोरी असेल तर ऑपरेशन होऊ नये. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी आलेली नसते, तिथे तारीख लिहिता येत नाही. अशा वेळी संबंध आले का, साधन वापरले का, बाळ फक्त अंगावरच आहे का, हे एकांतात विचारून मगच निर्णय करावा. शंका राहिली तर निरोध देऊन पुढची तारीख द्यावी.

तिसरी तक्रार अशी, की हे ऑपरेशन फसू शकते हे सांगितलेच जात नाही. संमतीपत्रात ते छापलेले असते, तोंडाने मात्र ‘आता काळजी मिटली’ असेच सांगितले जाते. वर उल्लेख केलेल्या अभ्यासात १०,००० हून अधिक बायका होत्या. १० वर्षांत दर हजारी साधारण १८ ते १९ जणींना दिवस गेले. पद्धतीप्रमाणे यात बराच फरक पडतो. बाळंतपणानंतर लगेच नळीचा तुकडा काढून बांधलेल्यांमध्ये हे प्रमाण हजारी ७ ते ८ होते, दुर्बिणीतून रिंग घातलेल्यांमध्ये हजारी १७ ते १८. हे आकडे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते शिबिरांतले नव्हेत, वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयांतले आहेत. महाराष्ट्रात एका लाख बायकांना याच प्रमाणात अपयश आले असे धरले, तर १० वर्षांत १,८०० हून अधिक जणी होतात. हा धोका लहान आहे, पण तो शून्य नाही. बाईने ‘हजारातल्या अठरा’ हे शब्द ऑपरेशनच्या आधी ऐकलेले असले पाहिजेत.

ऑपरेशन फसण्याची काही कारणे टाळण्यासारखी आहेत. सगळ्यांत साधी चूक म्हणजे नळीऐवजी दुसरेच काही बांधले जाणे. गर्भाशयाच्या कोपऱ्यापासून निघणारा गोल बंध लहान छेदातून पाहताना नळीसारखाच दिसतो. त्यावर उपाय एकच. बॅबकॉक चिमट्याने नळी धरून तिच्या टोकाची झालर डोळ्यांनी दिसेपर्यंत चालत जायचे, आणि मगच मधल्या अरुंद भागाची घडी उचलायची. झालर फक्त नळीलाच असते. पोमेरॉय पद्धतीत या घडीला विरघळणाऱ्या कॅटगटने गाठ मारतात आणि वरची घडी कापतात. विरघळणारा धागा मुद्दाम वापरलेला असतो. काही दिवसांनी तो विरला की कापलेली दोन्ही टोके एकमेकांपासून दूर सरकतात आणि वेगवेगळी बंद होतात. ‘पक्के व्हावे’ म्हणून न विरघळणारा रेशमी धागा वापरला तर टोके जवळजवळच राहतात आणि त्यांच्यात पुन्हा वाट फुटण्याची शक्यता वाढते. हे ज्येष्ठ सर्जनना ठाऊक आहे. पण सामान संपले म्हणून मिळेल तो धागा वापरा असे नवख्या डॉक्टरवर येऊ नये. हे पुरवठ्याचे काम आहे आणि ते विभागाचे आहे.

आमची मागणी आहे की प्रत्येक बाईला घरी जाताना ऑपरेशनच्या कागदाची प्रत द्यावी. तीत चार गोष्टी असाव्यात. पद्धत कोणती, दोन्ही बाजूंची झालर पाहिली का, धागा की रिंग, आणि ऑपरेशनच्या दिवशी पाळीचा किंवा बाळंतपणानंतरचा कितवा दिवस होता. आज तिच्याकडे असते ते प्रमाणपत्र. तेही मानकांप्रमाणे महिनाभराने किंवा पहिल्या पाळीनंतर, जे आधी होईल तेव्हा, द्यायचे असते. त्याआधी ४८ तासांत आणि सातव्या दिवशी तिची तपासणी व्हायला हवी. माहेरी ऑपरेशन करून सासरी गेलेल्या बाईच्या बाबतीत या भेटी कोणाच्याच यादीत नसतात.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र मुख्यतः लिहिले आहे तिच्याकडे येतो.

ऑपरेशन फसून दिवस गेले, तर तो गर्भ गर्भाशयाऐवजी नळीतच रुजण्याची शक्यता फार मोठी असते. त्याच अभ्यासात फसलेल्या ऑपरेशननंतरच्या गर्भधारणांपैकी जवळपास एक तृतीयांश अस्थानी, म्हणजे मुख्यतः नळीतल्या, होत्या. एरवी शंभर गर्भधारणांत अशी एखाद-दुसरीच असते. हे असे का होते ते समजून घेण्यासारखे आहे. बंद केलेल्या नळीच्या टोकाशी कधी कधी केसासारखी बारीक वाट पुन्हा तयार होते. शुक्रजंतूचे डोके मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे, ते त्या वाटेतून पार होते. फलित बीज मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, म्हणजे त्याच्या वीसपट मोठे. त्याला गर्भाशयाकडे परत येताना त्या वाटेतून जाता येत नाही. ते नळीतच अडते आणि तिथेच रुजते. नळीची भिंत पातळ असते, तिला ताणण्याची सवय नसते. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास ती फुटते.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर भीती पसरेल. ऑपरेशन केल्याने नळीतल्या गर्भाचा एकूण धोका वाढत नाही. कुठलेच साधन न वापरणाऱ्या बाईपेक्षा तो कमीच असतो, कारण दिवस जाण्याचीच शक्यता नगण्य होते. पण ऑपरेशन झालेल्या बाईला दिवस गेलेच, तर ते नळीत नाहीत हे सिद्ध होईपर्यंत नळीतच आहेत असे धरून चालावे लागते. आणि हा धोका पहिल्या वर्षात संपत नाही. अभ्यासात चौथ्या ते दहाव्या वर्षातल्या नळीतल्या गर्भांचे प्रमाण पहिल्या तीन वर्षांपेक्षा कमी आढळले नाही. ‘सहा वर्षं झाली ऑपरेशनला, आता कसले दिवस’ हा तर्क बाईचाही चुकतो आणि डॉक्टरचाही.

एक उदाहरण घेऊन पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातली एकेक पायरी आमच्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीची आहे. बाई ३० वर्षांची, दोन मुले, चोविसाव्या वर्षी दुर्बिणीचे ऑपरेशन झालेले. पाळी नऊ दिवस उशिरा आली, नेहमीपेक्षा कमी आणि काळपट. तिला वाटले, आली एकदाची. खरे तर ती पाळी नव्हती. नळीतला गर्भ नीट वाढत नसला की गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते, त्याचे ते डाग होते. दोन दिवसांनी डाव्या ओटीपोटात दुखू लागले म्हणून ती दवाखान्यात गेली. दिवस गेलेत का, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘नाही, ऑपरेशन झालंय.’ हे उत्तर ऐकून विचारणारा थांबला. पित्ताची गोळी आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊन तिला घरी पाठवले. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठताना चक्कर येऊन पडली. उजवा खांदा दुखतोय म्हणत होती. पोटात साचलेले रक्त श्वासपटलाला लागले की ती वेदना खांद्यात जाणवते, म्हणून पोट आणि खांदा एकाच वेळी दुखणे ही मोठी खूण आहे. १०८ येईपर्यंत नाडी १२०, रक्तदाब ८० वर ५०. हिमोग्लोबिन मात्र १० च होते, कारण एकाएकी रक्त गेल्यावर हा आकडा उतरायला काही तास लागतात. तो पाहून ‘फार रक्त गेलेले नाही’ असे समजणे ही पुढची चूक. पोट उघडल्यावर आत दीड लिटर रक्त निघाले.

आता हेच दुसऱ्या रीतीने. पहिल्याच दिवशी, ‘ऑपरेशन झालंय’ या उत्तरानंतरही, लघवीची तपासणी केली असती. निश्चय किट प्राथमिक आरोग्य केंद्रात असते, आशाताईच्या पिशवीतही असते. पाच मिनिटांत दोन रेघा दिसल्या असत्या. त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवले असते, शक्यतो योनीमार्गे करायच्या, कारण पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत लहान गर्भ सुटतो. गर्भाशय रिकामे, डाव्या नळीपाशी अडीच सेंटीमीटरची गाठ, गर्भाचे ठोके नाहीत, रक्तातले एचसीजी, म्हणजे गर्भामुळे तयार होणारे संप्रेरक, १,८००. नाडी-रक्तदाब नीट असलेल्या अशा बाईला चाकू न लावता मेथोट्रेक्सेटच्या इंजेक्शनने बरे करता येते. मात्रा शरीराच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. मग चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी पाहायचे. या दोन आकड्यांत निदान १५ टक्के घट हवी. नसेल तर दुसरे इंजेक्शन किंवा दुर्बिणीतून नळी काढणे. ती रोज दवाखान्यात येऊ शकत नसेल, गाव लांब असेल, तर सुरुवातीलाच नळी काढणे अधिक सुरक्षित. काहीही निवडले तरी ती चालत आली आणि चालत घरी गेली असती. दोन्ही गोष्टींत फरक एका किटचा आणि एका प्रश्नाचा आहे.

म्हणून आमची सर्वांत आग्रहाची मागणी ही: सर्व उपकेंद्रे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये यांना एक लेखी आदेश जावा. ४९ वर्षांच्या आतल्या कोणत्याही बाईची पाळी चुकली असेल, अवेळी डाग पडत असतील, ओटीपोटात दुखत असेल किंवा चक्कर आली असेल, तर ऑपरेशन झालेले असो वा नसो, लघवीची गर्भतपासणी केल्याशिवाय तिला घरी पाठवू नये. ऑपरेशन झालेल्या बाईची तपासणी होकारार्थी आली तर त्याच दिवशी सोनोग्राफी व्हावी. आणि नळीतला गर्भ आहे की नाही हे कळण्याआधी तिला गर्भपाताच्या गोळ्या देऊ नयेत. या गोळ्यांचा नळीतल्या गर्भावर उपयोग होत नाही, रक्तस्राव मात्र होतो, आणि त्यामुळे सगळ्यांना वाटते की काम झाले.

चौथी तक्रार लहान आहे, पण बाईच्या दृष्टीने पैशाची आहे. संमतीपत्रात असे लिहिलेले असते की पाळी चुकल्यास दोन आठवड्यांत दवाखान्याला कळवावे, आणि गर्भपात मोफत करून मिळेल. शासनाच्या कुटुंबनियोजन नुकसानभरपाई योजनेत ऑपरेशन फसल्यास भरपाई आहे, तिचा दावा अपयश लक्षात आल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. ही दोन आठवड्यांची आणि ९० दिवसांची मुदत बाईला कोणी वाचून दाखवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिवराम खटल्यात म्हटले आहे की ऑपरेशन फसणे हाच निष्काळजीपणाचा पुरावा ठरत नाही. आम्हाला ते मान्य आहे. पण त्यामुळेच या योजनेतून मिळणारी भरपाई तिच्यासाठी महत्त्वाची. नळीत गर्भ राहून जिचे ऑपरेशन झाले तिचा दावा ‘मूल झाले नाही’ म्हणून अडवू नये. नळीतला गर्भ हेही अपयशच आहे. तिच्या दाव्यासाठी सोनोग्राफीचा अहवाल आणि काढलेल्या नळीचा पॅथॉलॉजीचा अहवाल पुरेसा धरावा. दाव्याचा अर्ज ज्या रुग्णालयात तिच्यावर उपचार झाले तिथेच भरून घ्यावा, ज्या तालुक्यात सहा वर्षांपूर्वी नळ्या बांधल्या तिथे तिला पाठवू नये.

आणि शेवटची मागणी एका कार्डाची. खिशात किंवा पाकिटात मावेल असे, जाड कागदावर, ऑपरेशननंतर प्रत्येक बाईला द्यावे आणि देताना वाचून दाखवावे. मजकूर आम्ही लिहून देतो, विभागाने तो जसाच्या तसा छापला तरी आमची हरकत नाही:

‘माझे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन दि. ____ रोजी ____ पद्धतीने झाले आहे. हे ऑपरेशन क्वचित फसू शकते, कितीही वर्षांनी. माझी पाळी चुकली, पाळी नेहमीपेक्षा कमी किंवा काळपट आली, ओटीपोटात एका बाजूला दुखले, खांदा दुखला किंवा चक्कर आली, तर माझी लघवीची गर्भतपासणी आजच करावी. ती होकारार्थी आल्यास गर्भ नळीत असू शकतो. मला त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवावे. चक्कर असल्यास १०८ ला फोन करावा. पाळी चुकल्यापासून दोन आठवड्यांत दवाखान्याला कळवायचे आहे. भरपाईचा अर्ज ९० दिवसांत करायचा आहे.’

आपले,
राज्यातल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत काम करणारे स्त्रीरोगतज्ज्ञ, परिचारिका आणि समुपदेशक